शिफारसपत्राचे तीन भाग आणि शिक्षकाची साक्ष

आमच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात जावक पत्रांच्या जुन्या फायली आहेत. निवृत्तीपूर्वी त्या चाळताना माझ्याच सहीचे एक पत्र हाती लागले. त्यात चार ओळी होत्या. ‘सदर विद्यार्थी आमच्या विद्यालयात शिकत असून तो हुशार, कष्टाळू, प्रामाणिक व आज्ञाधारक आहे. त्याची वर्तणूक समाधानकारक आहे. त्याची निवड व्हावी ही शिफारस. त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ तो मुलगा एका नामवंत संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करीत होता. मुलाखतीला त्याला बोलावणे आले नाही. काही वर्षांनी निवडीच्या कामाचा अनुभव असलेल्या एका परिचित प्राध्यापकांना मी ते पत्र दाखविले. ते शांतपणे म्हणाले, “सर, या पत्रातून नाव खोडले, तर हे तुमच्या शाळेतल्या कोणत्याही मुलाचे पत्र होईल.” माझ्याकडे उत्तर नव्हते. तो मुलगा सात वर्षे माझ्या डोळ्यांसमोर वाढला होता आणि त्याच्याविषयी लिहिण्याजोगे मला पुष्कळ ठाऊक होते. त्यातले मी काहीही लिहिले नव्हते.

निवासी शाळेतील शिक्षकांनी शिफारसपत्र हा प्रकार नव्याने शिकून घ्यावा, असे माझे मत या अनुभवातून बनले आहे. दिवसाच्या शाळेतील शिक्षक विद्यार्थ्याला पाच-सहा तास पाहतो. आपण त्याला पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत पाहतो. आजारपणात, भांडणात, पंगतीत वाढताना आणि सुटीला कुणी न्यायला आले नाही त्या संध्याकाळीही पाहतो. इतका पुरावा जवळ असताना सर्वांत कोरी पत्रे आपणच लिहावीत, हे मला खटकते.

या चुकीचे मूळ मला आपल्या कार्यालयीन सवयीत दिसते. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, वर्तणुकीचा दाखला हे सारे छापील नमुन्यावर नाव भरून देण्याचे कागद आहेत. त्यांची भाषा सर्वांना सारखीच असावी लागते, कारण ते एका नियमाची पूर्तता सांगतात. शिफारसपत्रही आपण त्याच हाताने लिहितो. वास्तविक अर्जासोबत गुणपत्रिका असते, ती गुण सांगते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असतो, तो परिस्थिती सांगतो. जातीचा दाखला त्याचे काम करतो. या साऱ्या कागदांतून जे कळत नाही, तेवढेच सांगण्यासाठी शिफारसपत्र मागितलेले असते. विद्यार्थी काम कसे करतो, अडला तर काय करतो, इतरांशी कसा वागतो, हे त्याला जवळून पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून निवड करणाऱ्यांना ऐकायचे असते. म्हणजे हे पत्र एक साक्ष असते. साक्षीला जो क्रम लागतो, तोच पत्राच्या तीन भागांचा क्रम आहे: साक्षीदार कोण, त्याने काय पाहिले आणि त्यावरून तो काय म्हणतो.

पहिला भाग प्रारंभाचा. तो चार-पाच वाक्यांपेक्षा मोठा नसावा. त्यात तीन गोष्टी याव्यात: लिहिणारा कोण आहे, तो विद्यार्थ्याला कोणत्या नात्याने व किती काळ ओळखतो, आणि कशासाठी व किती ठामपणे शिफारस करतो. आपल्याकडे पत्राची सुरुवात संस्थेच्या थोर परंपरेने होते आणि अर्धा कागद त्यातच संपतो. वाचणाऱ्यासमोर अशा पत्रांचा गठ्ठा असतो. पहिल्या परिच्छेदात त्याला एवढेच जाणून घ्यायचे असते की, या माणसाच्या शब्दावर विसंबावे का. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना शिकविणारे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्या शब्दाला वजन होते ते लिहिणाऱ्याने विद्यार्थ्याला स्वतः शिकविले होते म्हणून. आपल्या खेड्यातील शाळेचे नाव वाचणाऱ्याने ऐकलेले नसेल. पण ‘मी हिला दोन वर्षे रोज शिकविले आहे’ हे वाक्य कोणत्याही शाळेच्या शिक्षकाला लिहिता येते, आणि त्याचे वजन कमी होत नाही.

यावरून आणखी एक निष्कर्ष निघतो. पत्र कुणी लिहावे, याचा निर्णय पदावरून होऊ नये. मुख्याध्यापकांची किंवा संस्थेच्या अध्यक्षांची सही मोठी वाटते म्हणून पालक तिचा आग्रह धरतात. पण ज्याने विद्यार्थ्याला वर्गात पाहिले नाही, त्याच्या पत्राचा मधला भाग रिकामा राहतो. गृहपालाने लिहिलेले भरीव पत्र हे अध्यक्षांच्या सहीच्या पोकळ पत्रापेक्षा उपयोगी पडते. संस्थेने विषयशिक्षकाचेच पत्र मागितले असेल, तर गृहपालाकडून माहिती घेऊन शिक्षकाने लिहावे आणि कोणती गोष्ट स्वतः पाहिली व कोणती गृहपालांकडून समजली, हे पत्रात स्पष्ट म्हणावे.

दुसरा भाग विद्यार्थ्याच्या सामर्थ्यांचा. पत्राचा कस येथे लागतो. माझा नियम असा आहे की गुण दोन किंवा फार तर तीन घ्यावेत, प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा, आणि प्रत्येक परिच्छेदात आधी गुणाचे नाव, मग तो दिसला तो प्रसंग आणि शेवटी त्या प्रसंगाचा अर्ज केलेल्या अभ्यासक्रमाशी असलेला संबंध लिहावा. प्रसंगाशिवाय गुण लिहिला तर तो नुसता शब्द राहतो. गुण न सांगता प्रसंग लिहिला तर ती गोष्ट होते आणि वाचणारा तिचे काय करावे या विचारात पडतो.

हे एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी बारावी विज्ञानाची एक विद्यार्थिनी पदवी अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीसाठी माझ्याकडे पत्र मागायला आली. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते : ‘विद्यार्थिनीची निरीक्षणशक्ती उत्तम असून ती अत्यंत मेहनती व जबाबदार आहे.’ मग मी स्वतःलाच विचारले, हे मला कशावरून कळले? उत्तर उन्हाळ्यातील एका घटनेत होते. मार्च महिन्यात वसतिगृहाला टँकरने पाणी येऊ लागले होते आणि ते पुरत नव्हते. पाणी मुली वाया घालवतात, असे सर्वांचे मत होते. या मुलीने एका बांबूच्या काठीवर इंचांच्या खुणा केल्या आणि रात्री १० वाजता व पहाटे ५ वाजता स्लॅबवरच्या टाकीतील पाण्याची उंची वहीत लिहायला सुरुवात केली. तीन आठवड्यांच्या नोंदींतून दिसले की सगळ्या मुली झोपलेल्या असताना पाणी सुमारे ४ इंच उतरते. टाकी १० फूट लांब व ८ फूट रुंद. हिशेब करून तिने सांगितले की रोज रात्री अंदाजे साडेसातशे लिटर पाणी कुठेतरी जात आहे. शोध घेतला तेव्हा शौचालयातील तीन फ्लशच्या टाक्यांचे वॉशर झिजलेले आढळले. ते बदलले आणि रात्रीची उतार जवळजवळ थांबली.

पत्रातील परिच्छेद मी पुन्हा लिहिला, तो असा :

‘तिचा पहिला गुण म्हणजे अंदाजावर न थांबता मोजून पाहण्याची सवय. गेल्या मार्चमध्ये वसतिगृहातील पाणीटंचाईचे कारण शोधण्यासाठी तिने तीन आठवडे रोज दोन वेळा टाकीतील पाण्याची उंची स्वतः नोंदवली. रात्री वापर नसतानाही पाणी ४ इंच उतरते हे तिच्या नोंदींतून दिसले. त्यावरून तिने दररोज सुमारे ७५० लिटरची गळती मांडली आणि तिच्या सांगण्यावरून केलेल्या तपासणीत तीन ठिकाणी गळती सापडली. हे काम तिला कुणी सांगितले नव्हते. प्रयोगशाळेत जी शिस्त आम्ही शिकवण्याचा प्रयत्न करतो, ती तिने प्रयोगशाळेबाहेर आपणहून वापरली.’

या परिच्छेदात ‘मेहनती’ आणि ‘जबाबदार’ हे शब्द उरले नाहीत. तीन आठवडे पहाटे ५ वाजता उठून टाकीवर चढणारी मुलगी मेहनती आहे, हे वाचणारा स्वतः ठरवितो आणि स्वतः ठरविलेल्या गोष्टीवर माणसाचा अधिक विश्वास असतो. आकडेही बेताचेच आहेत. टाकीची लांबी-रुंदी पत्रात घातली नाही, कारण ती वाचणाऱ्याच्या कामाची नव्हती.

दुसरा गुण मी शिकविण्याचा घेतला. रात्रीच्या अभ्यासिकेनंतर ती आठवीच्या सहा मुलींना गणित समजावीत असे आणि प्रत्येकीची नेमकी चूक कुठे होते, याची एक वही ठेवीत असे. हे मला गृहपालबाईंनी सांगितले. मी ती वही मागवून पाहिली आणि मगच लिहिले. तिचे वक्तृत्वाचे बक्षीस आणि कबड्डीचे प्रमाणपत्र मात्र वगळले. ती अर्जात अन्यत्र होतीच, आणि दहा गोष्टी सांगितल्या की एकही लक्षात राहत नाही.

मुलींच्या पत्रांविषयी येथे थोडे थांबावेसे वाटते. अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदांसाठी आलेल्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास फ्रान्सिस ट्रिक्स व कॅरोलिन सेन्का यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाची विशेषणे अधिक होती आणि शंका उत्पन्न करणारी वाक्येही अधिक आढळली. हे वाचल्यावर मी माझी फाईल पुन्हा काढली. मुलांना मी ‘कुशाग्र’ आणि ‘नेतृत्वगुण असलेला’ म्हटले होते, मुलींना ‘शांत’, ‘नम्र’ आणि ‘मेहनती’. यात वाईट हेतू नव्हता, पण परिणाम वाईटच होता. शांत मुलीला शिष्यवृत्ती का द्यावी, याचे उत्तर त्या शब्दांत नाही. प्रसंग आधी आठवला आणि शब्द नंतर शोधला, तर ही चूक बरीच टळते.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. या मुलीच्या घरची परिस्थिती हलाखीची होती. सहामाहीत तिचे गुण घसरण्यामागेही घरचेच कारण होते. ते लिहिले तर वाचणाऱ्याचे मन द्रवेल, असे मला वाटले. मी तिला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सर, घरचं नका लिहू. टाकीचं लिहा.” त्या दोन वाक्यांनी मला शिफारसपत्राची मर्यादा दाखविली. परिस्थिती सांगणारा कागद अर्जाला जोडलेलाच होता. तीच गोष्ट मी करुण शब्दांत पुन्हा लिहिली असती, तर मोजणारी मुलगी मागे पडली असती आणि कणव मागणारी मुलगी पुढे आली असती. घरची माहिती विद्यार्थ्याची असते. त्याची संमती असेल आणि तिने एखादा प्रश्न खरोखर उलगडत असेल, तरच ती लिहावी. तीही एका वाक्यात. आपल्या संस्थेतील मुलांविषयी लिहिताना दया ही सर्वांत सोपी भाषा असते. ती वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही.

तिसरा भाग समारोपाचा. आपल्याकडे येथे शुभेच्छा असतात. शुभेच्छांनी निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. समारोपात तीन गोष्टी असाव्यात. पहिली, तुलना : आपण किती विद्यार्थी पाहिले आणि त्यांत हा कुठे बसतो. दुसरी, शिफारसीचा पुनरुच्चार, पण आता कारणासह. तिसरी, संपर्काचा मार्ग. मी लिहिले होते : ‘१४ वर्षांच्या अध्यापनात प्रत्यक्ष मोजमापाची अशी ओढ असलेले दोन-तीनच विद्यार्थी मी पाहिले, त्यांपैकी ही एक. इंग्रजी ती चांगले वाचते. बोलताना अजून अडखळते, परंतु गेल्या वर्षभरात तीत स्पष्ट सुधारणा आहे. ज्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काम आहे, तेथे ती शोभेल, या खात्रीने मी तिची शिफारस करतो. अधिक माहिती हवी असल्यास खालील दूरध्वनीवर मी उपलब्ध आहे.’

इंग्रजीविषयीचे वाक्य पाहून एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला : “उणीव आपणच कशाला सांगायची?” आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. माझे उत्तर असे की, मुलाखतीत पाच मिनिटांत जे दिसणारच आहे, ते पत्रात आधी आले तर बाकीच्या पत्रावरचा विश्वास वाढतो. जी उणीव अभ्यासक्रमाशी संबंधित नाही, ती खोदून काढण्याचे कारण नाही. आणि जी उणीव इतकी मोठी आहे की शिफारसच करवत नाही, तेथे कोमट पत्र लिहिण्यापेक्षा विद्यार्थ्याला बोलावून ‘तू दुसऱ्या शिक्षकांकडून घे’ असे सांगावे. तुलनेच्या बाबतीतही संयम हवा. दरवर्षी पाच जणांना ‘माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम विद्यार्थी’ म्हटले, आणि ती पत्रे एकाच संस्थेत गेली, तर पुढच्या वर्षी आपल्या शाळेच्या कोणत्याच पत्राला किंमत उरत नाही. त्याची झळ पुढच्या मुलांना बसते.

कागदाच्या मांडणीविषयी थोडेसेच लिहितो. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, दिनांक व जावक क्रमांकासह, एका पानात बसणारे असावे. कडेला इंचभर समास आणि सहज वाचता येईल असे अक्षर. परिच्छेद चार किंवा पाच : प्रारंभाचा एक, गुणांचे दोन किंवा तीन, समारोपाचा एक. खाली सही, पूर्ण नाव, पद, दूरध्वनी आणि शिक्का. संस्थेने ठरावीक नमुना किंवा शब्दमर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी. काही ठिकाणी शिक्षकाच्या ईमेलवर थेट दुवा येतो आणि पत्र शिक्षकानेच चढवायचे असते. तेथे ते विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये आणि अखेरच्या तारखेची वाट पाहू नये. जुन्या पत्रावरून नवे करताना मागच्या विद्यार्थ्याचे नाव, दुसऱ्याच संस्थेचे नाव किंवा ‘ती’च्या जागी ‘तो’ राहून जातो. ही चूक वाचणाऱ्याला सर्व काही सांगून टाकते. म्हणून छापण्यापूर्वी पत्र एकदा मोठ्याने वाचावे. इंग्रजी पत्र मागितले असेल आणि आपले इंग्रजी बेताचे असेल, तर आधी मराठीत लिहून मग साध्या वाक्यांत भाषांतर करून घ्यावे. उलट क्रमाने गेले की पाठ केलेली विशेषणे येतात आणि प्रसंग हरवतो.

यावर माझे अनेक सहकारी म्हणतील की, वर्गात साठ मुले, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचे काम. प्रत्येकासाठी असे पत्र कसे लिहायचे? या अडचणीतूनच ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही प्रथा आली. ती मला अमान्य आहे. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी दुसऱ्याच्या नावाने साक्ष लिहायला लावणे हा त्याच्या पहिल्याच अर्जात खोटेपणाचा धडा आहे. शिवाय तो नम्रतेने स्वतःची खरी कामे वगळतो आणि नेटवरची वाक्ये उतरवतो. त्याऐवजी त्याच्याकडून एक पान माहिती मागावी : कुठे अर्ज करतो आहेस, का, आणि तुझ्या मते मी तुला कोणत्या कामात पाहिले आहे. लिखाण मात्र आपले असावे.

वेळेच्या प्रश्नावर माझी संस्थेला एक सूचना आहे. वर्गशिक्षक व गृहपाल यांनी मिळून एक वही ठेवावी. दर सत्राला प्रत्येक विद्यार्थ्यापुढे दोन ओळी लिहाव्यात. विशेषणे नकोत, पाहिलेली एक घटना आणि तारीख पुरे. साठ मुलांसाठी हे दोन संध्याकाळींचे काम आहे. आठवीत आलेला मुलगा बारावी होईपर्यंत त्याच्या नावापुढे दहा घटना जमतील. त्यांतून दोन निवडायच्या आणि पत्र तासाभरात होईल. या वहीचा आणखी एक लाभ होईल. सत्र संपत आले आणि एखाद्या नावापुढची जागा कोरीच राहिली, तर त्या मुलाकडे आपले लक्षच गेलेले नाही, हे आपल्याला वेळीच समजेल.

त्या चार ओळींच्या पत्रातील मुलाविषयी मला आज विचारले, तर मी सांगेन की दहावीच्या वर्षी वसतिगृहात कांजिण्यांची साथ आली, तेव्हा तो अकरा दिवस लहान मुलांच्या खोलीत ताटे पोहोचवीत होता आणि कुणाला ताप किती, याची पाटी दाराबाहेर लिहीत होता. हे मला तेव्हाही ठाऊक होते. ते पत्रात असायला हवे होते.